बोलता बोलता थांबायचं कुठे?

शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवल्यामुळे तो कागद घामाने मऊ पडला होता. माझ्या भाच्याने तो टेबलावर पसरला आणि म्हणाला, "मावशी, एवढं जरा बघ. शनिवारी संस्थेची सभा हाय. गेल्या वर्षी पण बोललो हुतो, पण कुणाला काय कळलंच न्हाई."

संस्था म्हणजे गावातली दूध संस्था, आणि सभा म्हणजे तिची वार्षिक सर्वसाधारण सभा. ज्यांनी अशी सभा पाहिली आहे त्यांना तिचं रूप माहीत असेल. सतरंजीवर सभासद, समोर टेबल-खुर्च्यांवर संचालक, सेक्रेटरी अहवाल वाचतात आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी मागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो. अगदी शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय असतात. तोवर लोकांचं अर्धं लक्ष चहाकडे लागलेलं असतं. माझ्या भाच्याला बोलायचं होतं ते नेमकं तेव्हा.

कागदावर एकच लांबलचक वाक्य होतं. "सन्माननीय अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेत दोनशे सभासद असून सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधातून पन्नास पन्नास मिली सॅम्पल घेतलं जातं आणि ते परत मिळत नाही, त्यामुळे दिवसाला वीस लिटर आणि महिन्याला सहाशे लिटर दूध जमा होतं, ज्याची किंमत पस्तीस रुपये दराने एकवीस हजार होते, तरी त्याचा हिशोब अहवालात कुठेही दिसत नाही, तो मिळावा ही विनंती."

मी म्हटलं, "म्हणून दाखव." त्याने म्हटलं. घड्याळात पाहिलं तर २५ सेकंदही झाले नव्हते. मुद्दा चोख होता, आकडे बरोबर होते, भाषा सभ्य होती. तरीही गेल्या वर्षी हे कुणाच्या डोक्यात का शिरलं नाही, ते मला ऐकताक्षणी कळलं. कागदावर स्वल्पविराम होते, पण त्याच्या बोलण्यात एकही नव्हता.

शाळेत शिकवत असताना आणि नंतरही मी पुष्कळ वर्षं वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. मुलांना बसवलेली भाषणं, पुढाऱ्यांची भाषणं, निरोप समारंभातली भाषणं, सगळी ऐकली. वक्त्याचा आवाज, उच्चार, पाठांतर यांबद्दल आपल्याकडे खूप बोललं जातं. तो कुठे आणि किती वेळ गप्प बसतो, याबद्दल जवळजवळ कुणीच काही सांगत नाही. नाटकवाले त्याला सरळ 'पॉज' म्हणतात आणि तालमीत तो शब्दांइतकाच घोटून घेतात. भाषण करणाऱ्याला मात्र तो कुणी शिकवत नाही.

वाचणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची परिस्थिती किती वेगळी असते ते बघा. तुम्ही आत्ता हे वाचताय. एखादं वाक्य कळलं नाही तर डोळे आपोआप मागे जातात. कळलं तरी वाक्याच्या शेवटी नजर क्षणभर जास्त रेंगाळते. वाचताना डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या संशोधकांना हे स्पष्ट दिसलेलं आहे. वाक्य संपलं की मेंदू त्यातले तुकडे एकत्र बांधतो आणि त्याला थोडा अवधी लागतो. वाचणारा तो अवधी स्वतःच घेतो. ऐकणाऱ्याच्या हातात मात्र काहीच नसतं. त्याचा अवधी वक्त्याच्या हातात असतो, आणि वक्त्याने तो दिला नाही तर मागचं वाक्य बांधून होण्याआधीच पुढचं येऊन त्याच्यावर आदळतं. मग श्रोता दोन्ही सोडून देतो. माझ्या भाच्याच्या २५ सेकंदांत सहा आकडे होते. 'पन्नास मिली' समजून घेईपर्यंत 'एकवीस हजार' येऊन गेले होते.

"मग थांबत थांबत बोल," मी म्हटलं.

"मावशी, गप हुबारलं की लोकं म्हनत्यात, इसरला."

ही भीती खोटी नाही, आणि तिला कारण आहे. रोजच्या बोलण्यात आपण एकमेकांना फार कमी जागा देतो. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा मोजून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाने प्रश्न विचारल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत जाणारा वेळ त्यात सरासरीने सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरला. भाषा बदलली तरी त्यात फार फरक पडला नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच हा वेळ. इतक्या चपळ देवाणघेवाणीची सवय असलेल्या माणसाला पूर्ण एक सेकंदाची शांतता म्हणजे काहीतरी बिनसल्याची खूण वाटते. 'येतोस का?' असं विचारल्यावर समोरचा सेकंदभर गप्प राहिला, तर 'नाही' आलं असं आपण धरून चालतो. हाच कान घेऊन माणूस माइकसमोर उभा राहतो. तिथली शांतता त्याला स्वतःचं अपयश वाटते आणि ती भरून काढायला तो 'म्हणजे', 'तर', 'काय आहे की' अशी भर घालत राहतो.

पण सभेत बोलण्याची पाळी तुमची असते. ती कुणी पटकन हिसकावणार नसतं. श्रोता गप्पांमधल्या घड्याळाने मोजत नसतो. उलट मागचं वाक्य पचवण्यात तो गुंतलेला असतो, म्हणून त्याला ती शांतता वक्त्याला वाटते त्यापेक्षा खूपच आखूड भासते. वक्त्याची छाती धडधडत असते, त्याला दोन सेकंद म्हणजे युग वाटतं. हा फरक सांगून पटत नाही, मोजून दाखवावा लागतो. म्हणून मी भाच्याला त्याच्या फोनमधलं आवाज रेकॉर्ड करायचं अॅप काढायला लावलं. त्यात बोलताना पडद्यावर उंच-सखल रेघा उमटतात आणि गप्प राहिलं की रेघ सपाट होते. "दोन सेकंद थांब," म्हटलं तर त्याच्या सपाट रेघेची लांबी अर्ध्या सेकंदाचीसुद्धा नव्हती. त्याला मात्र आपण पुरेसे थांबलो असं मनापासून वाटत होतं.

किती थांबायचं ते असं शिकता येतं. कुठे थांबायचं हे जास्त अवघड, आणि इथे मराठीचा स्वतःचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो.

आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुधा त्याच्याही मागे. 'मी या ठरावाला पाठिंबा' इथवर ऐकून श्रोत्याला काय कळतं? पाठिंबा देणार, काढून घेणार की देणारच नाही, सगळं अजून अधांतरी असतं. इंग्रजीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन गेलेला असतो. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांतून भाषणकला शिकलेले लोक पूर्णविरामानंतर थांबायला शिकतात, पण मराठीत क्रियापदाच्या आधी जी ताणलेली जागा तयार होते तिच्याकडे त्यांचं लक्ष जात नाही. ती जागा आपल्याला भाषेने आयती दिलेली आहे. अर्थ तिथे लोंबकळत असतो आणि ऐकणारा त्याच्याखाली हात धरून उभा असतो.

हिंदीची रचनाही अशीच. अटलबिहारी वाजपेयी बोलताना कुठे थांबत ते आठवून पाहा. लोकसभेतलं २८ मे १९९६ चं त्यांचं भाषण, ज्याच्या शेवटी त्यांनी राजीनामा द्यायला निघाल्याचं सांगितलं, त्याचं चित्रण आजही सहज पाहायला मिळतं. ते वाक्याच्या शेवटी थांबतातच, पण वाक्याच्या आतही थांबतात, विषय मांडून झालेला आणि क्रियापद अजून यायचं असतं अशा ठिकाणी. तेवढा वेळ सभागृह त्यांच्याबरोबर त्या क्रियापदाची वाट पाहतं. त्यांच्या विरामाची नक्कल करणारे पुष्कळ झाले. बहुतेकांनी त्याची लांबी उचलली, जागा उचलली नाही.

लांबी उचलून जागा चुकली की काय होतं ते मी स्पर्धांमध्ये दरवर्षी ऐकते. एखादी हुशार मुलगी उभी राहते आणि म्हणते, "शिवाजी महाराज हे एक... थोर... राजे होते." तिच्या कागदावर बाईंनी तिथे रेघ मारलेली असते. पण 'थोर' हा शब्द समोरच्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतो. लंडनमधल्या फ्रिडा गोल्डमन-आयस्लर या संशोधिकेने १९५० च्या दशकात लोकांच्या सहज बोलण्यातले विराम मोजले होते. ज्या शब्दाचा आधीच्या शब्दांवरून सहज अंदाज येत नाही, त्याच्या आधी माणसं अडखळतात असं तिला दिसलं. नेहमीचा शब्द जिभेवर आपोआप येतो, अनपेक्षित शब्द शोधावा लागतो, म्हणून बोलणारा तिथे थबकतो. ऐकणाऱ्यांना जन्मभर हेच ऐकून एक सवय लागलेली असते. समोरचा थांबला म्हणजे आता न कळलेलं काहीतरी येणार. मुद्दाम घेतलेला विराम याच सवयीवर उभा असतो. तो एक वचन देतो. त्यानंतर 'थोर' आलं तर वचन मोडलं. तीच मुलगी "महाराजांनी पत्रात लिहिलं, रयतेच्या भाजीच्या देठालाही... हात लावू नका" असं म्हणाली असती, तर तो विराम कामी आला असता, कारण देठ हा शब्द ऐकून श्रोता आधीच चमकलेला असतो आणि आता त्याचं काय, हे त्याला खरंच ऐकायचं असतं.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगते. काही शब्द एकमेकांना इतके चिकटलेले असतात की त्यांच्या मधे थांबलं तर तो विराम वाटत नाही, अडखळणं वाटतं. आकडा आणि त्याचं माप, म्हणजे 'वीस' आणि 'लिटर'. 'देऊन' आणि 'टाकलं'. 'गेलं' आणि 'आहे'. क्रियापदाच्या आधी थांबायचं म्हणजे या सगळ्या जुडग्याच्या आधी थांबायचं. 'सापडला' म्हणून थांबायचं आणि मग 'नाही' म्हणायचं, हे रंगभूमीवर एखाद्या वेळी शोभेल, गावच्या सभेत ते नाटकी वाटतं आणि लोक हसतात.

एवढं झाल्यावर आम्ही दोघांनी पेन्सिल घेऊन कागद पुन्हा लिहिला. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, एक श्वास आत घेण्याइतका. दोन रेघा म्हणजे दीड सेकंद. तीन रेघा म्हणजे तीन सेकंद किंवा थोडं जास्तच. तीन रेघा सगळ्या भाषणात फक्त दोनदा द्यायच्या, असं मी आधीच ठरवून टाकलं. प्रत्येक वाक्यानंतर लांब थांबणारा माणूस काहीच ठळक करत नाही, फक्त सभा लांबवतो. बरेच घोळून शेवटी कागदावर हे उतरलं.

"आपल्या संस्थेत दोनशे सभासद. / प्रत्येकजण दिवसातून दोनदा दूध घालतो. / दर वेळी सॅम्पलला पन्नास मिली दूध काढतात. / अर्धा कप चहाएवढं. // म्हणजे दोनशे जण, / दोन वेळा, / पन्नास मिली. /// दिवसाला वीस लिटर. // महिन्याला सहाशे लिटर. // या सहाशे लिटरचा हिशोब मला अहवालात / सापडला नाही. ///"

एकवीस हजार रुपयांचा आकडा आम्ही काढून टाकला. भाच्याला तो ठेवायचा होता, कारण त्याच्या मते पैसे ऐकल्यावरच लोक जागे होतात. मी म्हटलं, दूध घालणाऱ्या माणसाला सहाशे लिटर म्हणजे किती पैसे हे सांगावं लागत नाही. तेवढा वेळ दिला की तो स्वतः गुणाकार करतो, आणि स्वतः केलेला गुणाकार त्याला तू सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त खरा वाटतो. अर्धा कप चहाच्या नंतरच्या दीड सेकंदाचंही तेच कारण. मिली हे माप कानाला कळतं, डोळ्यांपुढे येत नाही. कप म्हटल्यावर चित्र उभं राहतं, पण ते उभं राहायला क्षणभर लागतो.

पहिल्या तीन रेघांची जागा या कागदातली सगळ्यात महत्त्वाची होती. तिथे वक्ता एक हिशोब घालतो आणि उत्तर द्यायच्या आधी गप्प राहतो. हे प्रश्न विचारल्यासारखंच आहे, आणि प्रश्नानंतर किती थांबावं याबद्दल शिक्षकांना एक गोष्ट चांगली ठाऊक असायला हवी. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञान शिक्षण तज्ज्ञ बाईंनी वर्गातल्या संवादांचं रेकॉर्डिंग ऐकून १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ते दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून मोकळे होतात. काही शिक्षकांना त्यांनी ३ सेकंद थांबायला शिकवलं. मुलांची उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं, आणि एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलू लागली. हे वाचल्यावर मी माझ्याच वर्गात मनातल्या मनात मोजून पाहिलं होतं. मीसुद्धा एका सेकंदातच दुसऱ्या मुलाकडे वळत होते. तीन सेकंद पहिल्यांदा थांबले तेव्हा मला घाम फुटला होता, आणि मागच्या बाकावरून हात वर आला होता.

भाषणात प्रश्न विचारून लगेच आपणच उत्तर देणारे वक्ते फार. "याला जबाबदार कोण? याला जबाबदार आपण सगळे!" एका दमात. त्यात प्रश्न हा प्रश्नच राहत नाही. ऐकणाऱ्याला मनात उत्तर शोधायला वेळ मिळाला, तरच वक्त्याचं उत्तर त्याच्या उत्तराला भेटतं. तीन सेकंद त्यासाठीच.

हे आपल्याकडे कुणाला अगदी मुरलेलं असेल तर ते कीर्तनकारांना. वारकरी कीर्तनात बुवा अभंगाच्या एका चरणाचं निरूपण करतात, ते एका टोकाला आणून सोडतात, आणि मागचे टाळकरी ध्रुपद धरतात. मृदंग, टाळ, तोच चरण पुन्हा पुन्हा. बुवा तेवढा वेळ काही बोलत नाहीत. वरवर पाहता ती गाण्याची जागा आहे. मांडी घालून बसलेल्या माणसासाठी मात्र ती आत्ता ऐकलेलं मनात फिरवायची जागा असते, आणि ज्या चरणाचा अर्थ लागला तोच चरण नव्या अर्थाने त्याच्या कानावर पडत राहतो. शांतता नसतानाही मिळालेला हा विराम आहे, आणि तो मिनिटभराचासुद्धा असू शकतो. लहानपणी आजीबरोबर कीर्तनाला जायचे तेव्हा ध्रुपद सुरू झालं की ती डोळे मिटून मान हलवायची. तिला झोप लागली असं मला वाटायचं. कीर्तन संपल्यावर घरी येताना ती मला निरूपणातला दृष्टांत शब्द न चुकवता सांगायची.

माझ्या भाच्याच्या मागे टाळकरी नव्हते. त्याला शांतता स्वतःच्या अंगावर पेलायची होती आणि त्याच्यासमोर एक खास धोका होता, मागून येणारं 'मंजूर'. त्यासाठी दोन गोष्टींचा सराव केला. पहिली सुराची. वाक्य संपवताना आपला आवाज खाली उतरतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की झालं. विरामानंतर पुढे बोलायचं असेल तर थांबण्याआधीच्या शब्दावर सूर खाली जाऊ द्यायचा नाही, तो उघडा ठेवायचा. 'पन्नास मिली' असं उतरत्या सुरात म्हटलं की भाषण संपलं. तेच सूर धरून म्हटलं की लोक पुढचं ऐकायला थांबतात. दुसरी गोष्ट नजरेची. थांबलेल्या वक्त्याची नजर कागदावर गेली की तो विसरला, वर छताकडे गेली की तो शोधतोय. नजर माणसांवर असली तर तो मुद्दाम थांबलाय. शब्द एकच, लांबी तीच, पण अर्थ नजर ठरवते. याच कारणामुळे फोनवरच्या आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये लांब विराम चालत नाहीत. तिथे नजर पोचत नाही, आणि दोन सेकंद गप्प राहिलं की पलीकडून 'हॅलो, आवाज येतोय का?' असं विचारतात. तिथे मधल्या थांब्याऐवजी 'जरा हा आकडा लिहून घ्या' असं काम देऊन वेळ मिळवावा लागतो.

तीन दिवस तो गोठ्यात धार काढताना म्हणत होता, असं माझी बहीण फोनवर म्हणाली. म्हशीला आकडा पाठ झाला असेल, असंही म्हणाली.

शनिवारी मी गेले नव्हते. पण त्याच्या चुलतभावाने फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं आणि रविवारी आम्ही ते स्वयंपाकघरात बसून ऐकलं. सुरुवात चांगली झाली. 'अर्धा कप चहाएवढं' म्हटल्यावर थोडं हसू ऐकू आलं, ते हसू विरेपर्यंत तो थांबला. मग दोनशे जण, दोन वेळा, पन्नास मिली. सूर उघडा होता. पुढे शांतता. पंख्याचा आवाज. कुणीतरी खोकलं.

चूक झाली ती पुढे. 'महिन्याला सहाशे लिटर' म्हणताना त्याचा सूर पडला आणि त्याने कागद पाहिला, हे त्यानेच कबूल केलं. रेकॉर्डिंगमध्ये पुढच्याच क्षणी टेबलावरून आवाज येतो, "बरं, सभासदांची सूचना नोंदवून घेतली, पुढचा विषय..." आणि मागून एक 'मंजूर'. भाचा गडबडला. "थांबा साहेब, माझं वाक्य व्हायचंय," म्हणाला आणि शेवटचं वाक्य घाईघाईत, एकही रेघ न पाळता म्हणून टाकलं. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याची मान खाली होती. पण त्याच्या घाईच्या वाक्यानंतरही 'मंजूर' आलं नाही. टेबलाकडून सेक्रेटरींचा आवाज आला, सॅम्पलचं दूध विकलं जातं, ते किरकोळ जमा या रकमेत धरलंय. मग एका बाईंचा आवाज, "मग वेगळं दाखवा की." मग दोघा-तिघांचे एकदम.

"मावशी, त्या पहिल्या येळंला मी अर्धा मिनिट तरी थांबलो आसंन," तो म्हणाला. "माझं पाय कापत हुतं."

मी रेकॉर्डिंग मागे घेतलं आणि पडद्यावरची सपाट रेघ मोजली. चार सेकंद भरले. त्याला ते पटेना, म्हणून पुन्हा लावलं, या वेळी फोन कानाशी धरून. पन्नास मिली. पंखा. खोकला. आणि मग, त्याने 'दिवसाला वीस लिटर' म्हणायच्या जरा आधी, फोनच्या अगदी जवळ बसलेल्या कुणा म्हाताऱ्याचा पुटपुटलेला आवाज, बोटांवर मोजल्यासारखा: "वीस... आगा, वीस लिटर की."